मुंजीचे ३०० पानांचे जेवण: मेनू, प्रमाण आणि पंगतीचा वेग

प्रश्न: मे महिन्यात पुण्यातील एका कार्यालयात मुलाची मुंज आहे. ३०० माणसांचे शाकाहारी जेवण करायचे आहे. भोजनगृहात एका वेळी १०० माणसे बसतात. सामान आमचे, आचारी आणि वाढपी ठरवलेले. थाट सणासारखा हवा, पण खर्च आटोक्यात राहावा, पंगती रेंगाळू नयेत आणि अन्न वाया जाऊ नये. घरात श्रीखंड, जिलबी, आमरस, भजी अशी यादी वाढतच चालली आहे. मेनू कसा ठरवावा आणि प्रमाण किती धरावे?

उत्तर:

मेनूची यादी करायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: कढईतून थेट पानात जाणारा पदार्थ एकच असेल. ३०० पानांच्या पंगतीत खर्च, वेळ आणि नासाडी हे तीन वेगळे प्रश्न आहेत असे वाटते, पण भटारखान्यात उभे राहून पाहिले की तिन्हींची गाठ तळणीपाशी पडते असे दिसते. वरण, भात, भाज्या, कोशिंबीर हे सारे आधी तयार ठेवता येते. पुरी, भजी, जिलबी मात्र गरम असतानाच खाण्याजोगी असतात आणि त्यांच्या वेगापुढे पंगत जाऊ शकत नाही. म्हणून आधी पुरीचा हिशेब करू आणि त्याभोवती बाकीचे पान मांडू.

पानामागे सरासरी पाच पुऱ्या धरल्या, तर १०० जणांच्या एका पंगतीला ५०० पुऱ्या लागतात. यातल्या २०० पहिल्याच वाढणीत तीन-चार मिनिटांत हव्या असतात आणि उरलेल्या पुढच्या पंधरा मिनिटांत. भट्टीवरच्या मोठ्या कढईत एका घाण्यात साधारण १२ पुऱ्या बसतात आणि एक घाणा उतरायला मिनिट-सव्वा मिनिट लागते, म्हणजे एका कढईचा वेग मिनिटाला दहाच्या आसपास असतो. एकाच कढईवर भिस्त ठेवली, तर वीस मिनिटांत २०० पुऱ्या निघतात आणि निम्म्याहून अधिक मागणी अडून राहते. दोन कढया लावल्या आणि माणसे बसण्याच्या आठ मिनिटे आधी तळणी सुरू केली, तर सुमारे १६० पुऱ्या हाताशी शिलकीत असतात, पुढच्या अठरा मिनिटांत आणखी ३६० निघतात आणि हिशेब जुळतो. दोन कढयांना मिनिटाला वीस पुऱ्या पुरवायच्या, तर लाटायला चार सराईत हात आणि लाट्या करायला दोन माणसे हवीत, कारण लाटी तयार असली तरी एक पुरी लाटायला दहा-बारा सेकंद जातातच. आचाऱ्याशी बोलताना ‘तुमच्याकडे किती माणसे आहेत?’ एवढे विचारून थांबू नका. ‘पुरीच्या वेळी किती कढया पेटलेल्या असतील आणि लाटायला कोण बसेल?’ असे विचारा. उत्तर मोघम आले, तर तेवढीच गोष्ट त्याच्याबरोबर बसून ठरवा.

आता याच दोन कढयांवर भजी चढवून पाहा. पानाला दोन भजी म्हणजे पंगतीला २००, आणि तीही पुरीच्याच वेळी हवीत. एक कढई त्यात गुंतली की पुरीचा वेग अर्धा होतो आणि पंगत दहा-बारा मिनिटांनी लांबते. तीन पंगतींत मिळून अर्धा-पाऊण तास जातो, शेवटच्या पंगतीला तीन वाजतात. वेळेइतकेच नुकसान पानात होते. पुरी येईपर्यंत भुकेला माणूस थांबत नाही, तो भात पुन्हा मागून घेतो. मग पुरीची परात आली की वाढपी मागचे भरून काढण्यासाठी एकदम तीन-तीन पुऱ्या टाकतो. पोट भातानेच भरत आलेले असते आणि पंगत उठल्यावर पानापानात दीड-दोन पुऱ्या आणि श्रीखंडाचा गोळा शिल्लक दिसतो. लोकांना अन्नाची किंमत नाही असे आपण म्हणतो, पण अशा पंगतीत ती नासाडी भटारखान्यातल्या ताटकळीतून आलेली असते.

म्हणून भजी काढून टाका आणि त्यांची जागा पापड-कुरडईला द्या. मे महिना वाळवणांचाच असतो, कुरडया घरच्या किंवा ओळखीच्या ठिकाणच्या मिळतात. सकाळी आठ-साडेआठला तळून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरल्या की दुपारपर्यंत कुरकुरीत राहतात. गरम असताना डबा बंद केला, तर वाफ धरून मऊ पडतात, एवढीच काळजी घ्यायची. पाने ३०० असली तरी पापड ३४०-३५० तळा, कारण मोडतोड होते आणि मोडका पापड पानात वाढणे बरे दिसत नाही. कुणी कोथिंबीर वडी सुचवेल. ती सुंदर लागते आणि वाफवून आधी ठेवताही येते, पण मे महिन्यात कोथिंबीर महाग आणि रोडावलेली असते, शिवाय वडी गरम द्यायची तर पुन्हा कढई आलीच.

गोड पदार्थाबाबत माझे मत ठाम आहे: एकच गोड ठेवा आणि ते श्रीखंड असू द्या. घरात आमरसाचा आग्रह होणार, मे महिना आहे. पण हिशेब करून पाहा. आमरस वाटीने वाढतात, एक वाटी संपली की दुसरी मागितली जाते आणि ‘नको’ म्हणणारा क्वचित भेटतो. माणशी दोन मध्यम आंबे धरावे लागतात, म्हणजे ६०० आंबे, ५० डझन. डझनाला ४०० रुपये भाव धरला, तरी २०,००० रुपये नुसत्या आंब्याचे होतात. शिवाय ऐन सकाळी आंबे पिळायला तीन-चार माणसे गुंततात, काढलेला रस उन्हाळ्यात तासातासाने काळवंडतो आणि उरला तर लगेच बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवावा लागतो.

श्रीखंडाचे तसे नाही. पानामागे ११० ग्रॅम धरले, तर एकूण ३३ किलो लागते. त्यासाठी १८ किलो चक्का आणि १५ किलो साखर पुरते. चक्का ३५० रुपये किलो आणि साखर ४५ रुपये किलो धरली, केशर, वेलदोडा आणि जायफळासाठी सात-आठशे रुपये मिळवले, तर सारा खर्च ७,७०० रुपयांच्या आसपास जातो, म्हणजे पानाला सुमारे २६ रुपये. तुमच्या वेळचा बाजारभाव घालून आकडे बदला, आमरस आणि श्रीखंड यांच्यातले अंतर मात्र बहुधा असेच राहील. दुसरा मोठा गुण असा की श्रीखंड आदल्या दिवशी तयार होते, त्यामुळे कार्याच्या सकाळी त्याची काहीच धावपळ नसते, आणि उरले तर फ्रीजमध्ये चार दिवस उत्तम टिकते. उरलेले कामी येईल असा पदार्थ थोडा जास्त करायला हरकत नसते, आणि त्यामुळे यजमानाला कमी पडण्याची जी धास्ती असते तिला तिथे वाट मिळते. आंब्याची चव हवीच असेल, तर चक्क्यात थोडा आटवलेला आमरस घालून आम्रखंड करा. कच्चा रस घातला की ते सैल पडते, म्हणून आटवून, गार करून घाला आणि साखर त्या मानाने कमी करा.

उन्हाळ्यातील श्रीखंडाला एक मर्यादा आहे, ती लक्षात ठेवा. साखर मिसळल्यावर ते मुळातच सैल होते, आणि चाळीस अंशांच्या दुपारी बाहेर राहिले तर पानात पसरू लागते. पसरलेले श्रीखंड भाजीत मिसळते आणि मग माणूस ते टाकून देतो. यासाठी ते एका मोठ्या पातेल्यात न ठेवता अकरा-अकरा किलोच्या तीन डब्यांत ठेवा आणि प्रत्येक पंगतीच्या वेळी एकच डबा फ्रीजबाहेर काढा. कार्यालयात एवढी जागा असलेला फ्रीज आहे का, हे आजच विचारून घ्या. नसेल, तर बर्फाच्या पेट्यांची सोय करावी लागेल.

जिलबी घेऊ नका असे मी सांगतो तेव्हा यजमानांना ते कमीपणाचे वाटते, म्हणून कारण सांगतो. दोन गोडे ठेवली म्हणून माणूस दुप्पट गोड खात नाही, तो दोन्ही थोडी-थोडी खातो आणि दोन्ही थोडी-थोडी टाकतो. जिलबी कार्यालयात तळायची म्हटली की आणखी एक भट्टी आणि एक कारागीर आला, आणि बाहेरून आणली तर तिसऱ्या पंगतीपर्यंत ती चिवट होते. मठ्ठा मात्र जिलबीशिवायही चालतो, तो ठेवाच. मसालेभातावर गार मठ्ठा ही उन्हाळ्यातील पंगतीची खरी चैन आहे आणि ती स्वस्तही आहे. पानाला पावणेदोनशे मिलिलिटर धरले, तर ५२ लिटर मठ्ठा लागतो, आणि एका किलो दह्याचा तीन लिटर होतो असे धरले, तर १७-१८ किलो दही पुरते. बर्फ मात्र पिण्याच्या पाण्याचाच घ्या. मासळी किंवा यंत्रे गार ठेवण्यासाठी विकला जाणारा बर्फ मठ्ठ्यात पडता कामा नये. सर्वांत चांगले म्हणजे बर्फ आत न टाकता मठ्ठ्याचे पिंप बर्फात ठेवायचे. असा मठ्ठा पाणचटही होत नाही.

एवढे ठरले की पान आपोआप मांडले जाते: मीठ, लिंबू, ओल्या खोबऱ्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, कैरीचे लोणचे, पापड-कुरडई, बटाट्याची सुकी भाजी, अळूची पातळ भाजी, वरण-भात-तूप, पुरी, श्रीखंड, मसालेभात आणि मठ्ठा. हे पान पारंपरिक आहे, भरलेले दिसते आणि पुरी सोडून काहीही घाईचे नाही. आणखी एक उसळ किंवा पनीरची भाजी घालावी असे कुणी म्हणेल, त्याला नकार द्या. अळूत हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप असतातच. तिसरी भाजी आली की पहिल्या दोन भाज्या उष्ट्यात दिसू लागतात.

प्रमाण काढण्याआधी माणसे नव्हे, तर पाने मोजा. तुमच्या ३०० पाहुण्यांत सुमारे ५० लहान मुले असतील असे धरू. दोन मुलांचे एक पान, म्हणजे २५ पाने. मोठ्यांची २५० मिळून २७५ झाली. पण आचारी, वाढपी, भटजी, छायाचित्रकार आणि कार्यालयातील माणसे मिळून २५ जण तिथेच जेवतात आणि त्यांना यादीत धरायचे बहुतेक यजमान विसरतात. ती धरली की बरोबर ३०० पाने होतात. यापुढचे सगळे आकडे या ३०० पानांचे आहेत, त्यांवर पुन्हा ‘असू द्या’ म्हणून दहा टक्के चढवू नका. आचारी आपल्या अंदाजात थोडे चढवतो, सामान आणणारा थोडे चढवतो आणि यजमान शेवटी थोडे चढवतात. तिघांनी दहा-दहा टक्के चढवले की ३०० पानांचे ४०० होतात. कोणी एकानेच चढवायचे, आणि तेही कच्च्या मालात. ते कसे, हे पुढे सांगतो.

साध्या भाताला १३ किलो आंबेमोहोर आणि मसालेभाताला १५ किलो कोलम धरा. माणशी नव्वद-पंचाण्णव ग्रॅम तांदूळ होतो, आणि पुरी व श्रीखंड असलेल्या पानाला तो पुरेसा आहे. वरणाला साडेसहा किलो तूरडाळ लागेल. पुरीला ३० किलो कणीक घ्या, एका किलोत लहान पन्नास पुऱ्या होतात. एक पुरी चार-पाच ग्रॅम तेल पिते, म्हणजे १,५०० पुऱ्यांत सहा ते साडेसात किलो तेल जाईल आणि दोन कढयांत भरलेले तेल त्याशिवाय लागेल. बटाटे २५ किलो आणि कोशिंबिरीला काकडी १२ किलो पुरतील. अळूची भाजी तयार झाल्यावर २४-२५ लिटर असावी, तिच्यात डाळ आणि शेंगदाणे दीड-दीड किलो घालावेत. चटणी आणि मसालेभातावर पेरायला मिळून १५-१६ नारळ, वाढायला ४ किलो तूप, आणि एका लिंबाच्या आठ फोडी धरून ४० लिंबे. तुपात काटकसर करू नका. वरणभातावर पडणाऱ्या तुपावरून जेवणाचा थाट ठरतो आणि त्याचा खर्च एकंदरीत फार नसतो.

मुंजीचे म्हणून एक खास काम आहे. मातृभोजन मुहूर्ताच्या आधी होते, आणि त्यात बटूबरोबर मुंज झालेली मुले जेवायला बसतात. म्हणजे दहा-बारा पाने मुख्य पंगतीच्या दीड-दोन तास आधी लागतात. त्यासाठी मोठी पातेली उघडायला लावू नका. लहान पातेल्यात एक किलो तांदळाचा भात आणि अर्धा किलो डाळीचे वरण वेगळे करायला सांगा, पुऱ्या घरगुती कढईत तळून घ्या. मोठे पातेले एकदा उघडून ढवळले की ते दीड तास कोमट अवस्थेत राहते, आणि उन्हाळ्यात अन्न बिघडायला तेवढे पुरते.

आता शिजवण्याचा क्रम पाहू, कारण नासाडी रोखण्याची खरी जागा हीच आहे. सगळे जेवण बारा वाजता तयार असले पाहिजे हा हट्ट सोडा. पहिली पंगत सव्वाबाराला बसून पाऊणच्या पुढे दहा-बारा मिनिटांत उठेल, दुसरी एक-पाचला आणि तिसरी दोनच्या सुमाराला बसेल. भात तीन वेळा चढवता येतो. मोठ्या पातेल्यातला भात मुरून मोकळा व्हायला अर्धा तास लागतो, म्हणून पहिली पंगत बसली की दुसरीचा आणि दुसरी बसली की तिसरीचा भात चढवायचा. त्यामुळे भात कायम वाफेचा मिळतो, आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या पंगतीचा भात चढवण्याआधी तुमच्या हाती पहिल्या पंगतीचा अनुभव असतो. पहिल्या पंगतीत वृद्ध आणि मुले जास्त असतात, ती कमी खाते. शेवटच्या पंगतीत घरची माणसे आणि कार्यात राबलेली तरुण मुले बसतात, ती भुकेली असतात. म्हणून पहिल्या पंगतीला चार किलो साधा भात पुरतो, तर शेवटच्या पंगतीला पाच लागू शकतो.

हीच रीत इतर पदार्थांना लावा. वरण घट्टच शिजवून ठेवा आणि प्रत्येक पंगतीच्या वेळी लागेल तेवढे वेगळे काढून उकळत्या पाण्याने सारखे करा. कोशिंबिरीची काकडी चोचवून ठेवली तरी मीठ, दाण्याचे कूट आणि दही पंगतीगणिक मिसळा. मीठ लागले की वीस मिनिटांत पाणी सुटते आणि तिसऱ्या पंगतीला पाण्यात पोहणारी काकडी मिळते. चटणी दोनदा वाटा, कारण मे महिन्यात ओले खोबरे सर्वांत आधी आंबते. चटणी किंचित फसफसलेली किंवा तिचा वास बदललेला वाटला, तर चव घेत बसू नका, टाकून द्या. पुरीची कणीक एकदम ३० किलो भिजवू नये. ती सैल पडते आणि पुरी तेल पिऊ लागते. प्रत्येक पंगतीआधी अर्धा-पाऊण तास दहा किलो भिजवावी. पुरी तेलकट येऊ लागली, तर आधी कणकेला हात लावून पाहा, मग तेलाचा ताव पाहा. बहुतेक वेळा या दोनपैकी एकच कारण निघते.

शिजवून ठेवलेले गरम अन्न साठ अंशांच्या खाली रेंगाळू देऊ नये. थर्मामीटर नसला तरी खूण सोपी आहे: झाकण काढल्यावर भरपूर वाफ यायला हवी. ती येत नसेल, तर पातेले पुन्हा आचेवर जायला हवे. भाताच्या बाबतीत हे विशेष कटाक्षाने पाळा. कोमट भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

मघाशी म्हटले त्या राखीव कच्च्या मालाकडे येतो. कमी पडण्याची भीती सर्व यजमानांना असते आणि ती रास्त आहे, पण तिच्यावरचा उपाय जास्त शिजवणे हा नाही. तीन किलो तांदूळ, एक किलो डाळ आणि चार किलो कणीक कच्ची बाजूला ठेवा. चार किलो उकडलेले बटाटे फोडणी न देता ठेवा आणि एका भट्टीवर पाण्याचे आधण सतत तयार असू द्या. अचानक तीस-चाळीस माणसे वाढली, तर एवढ्या सामानातून चाळीस मिनिटांत त्यांचे जेवण होते. माणसे आली नाहीत, तर सारे सामान घरी परत येते.

वाढणीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण उत्तम शिजवलेले जेवण वाढणीत बिघडताना मी पुष्कळदा पाहिले आहे. १०० माणसांच्या चार रांगा धरा, पंचवीस-पंचवीसच्या. प्रत्येक रांगेला दोन वाढपी, म्हणजे आठ, तुपाला एक, पाण्याला दोन आणि देखरेखीला घरचा एक जाणता माणूस. मिठापासून बटाट्याच्या भाजीपर्यंत सात गार किंवा कोमट पदार्थ माणसे बसण्याआधीच पानात पडले पाहिजेत. सात पदार्थ चार रांगांतून न्यायचे म्हणजे अठ्ठावीस फेऱ्या. एका फेरीला दीड मिनिट धरले, तर आठ जणांचे हे काम पाच-सहा मिनिटांत होते. आधीची पाने उचलून टेबले पुसायला पाच मिनिटे लागतात. म्हणून दोन पंगतींमध्ये दहा-बारा मिनिटांचे अंतर पुरते. पाने उचलणारे मात्र वेगळे हवेत. त्याच हातांनी वाढायचे म्हटले, तर वेळही जातो आणि स्वच्छताही.

माणसे बसली की वरण-भाताची मूद आणि तूप. मूद लहान वाटीचीच पाडा, शिजलेला भात साठ-सत्तर ग्रॅमच्या वर नसावा. मोठी मूद भरघोस दिसते, पण तीच पुढे पुरी आणि श्रीखंडाची जागा खाते. त्यानंतर दोन पुऱ्या, साठ ग्रॅमच्या आसपास श्रीखंड आणि अळूची भाजी. मग पुरी एकेक करून फिरवत राहायची. मसालेभात पुऱ्यांची मागणी ओसरल्यावर आणा, आधी नाही, आणि मठ्ठा त्याच्या मागोमाग. पानावर वाकून न विचारता टाकणे हा आग्रह नव्हे. श्रीखंडाची एक आग्रहाची फेरी यजमान दांपत्याने स्वतः करावी, लहान डावाने आणि विचारून. तिच्यासाठी पानामागे पन्नास ग्रॅम श्रीखंड धरलेलेच आहे. एरवी वाढप्यांना बजावून सांगा की दुसऱ्यांदा वाढताना पदार्थाचे नाव घेऊन विचारायचे आणि मान हलल्याशिवाय हात खाली न्यायचा नाही.

पहिली पंगत उठली की देखरेखीच्या माणसाने पाने उचलली जाण्याआधी चारही रांगांतून एक चक्कर मारावी. काय उरले आहे ते पाहायला दोन मिनिटे पुरतात, आणि त्या दोन मिनिटांत पुढच्या २०० पानांची दुरुस्ती होते. पांढरा भात उरलेला दिसला, तर मूद लहान करा. पुऱ्या उरल्या, तर त्या उशिरा येत आहेत, तळणी आणखी पाच मिनिटे आधी सुरू करा. अळूची भाजी सरसकट उरत असेल, तर ती आंबट किंवा खाजरी झाली आहे का ते चाखून पाहा. खाजत असेल, तर चिंच आणि गूळ वाढवून पुन्हा उकळी आणा. बटाट्याची भाजी संपून पुन्हा मागणी होत असेल, तर राखीव बटाट्यांना आताच फोडणी द्या, तिसऱ्या पंगतीची वाट पाहू नका.

बुफे ठेवावा का, असा विचार कदाचित तुमच्या मनात येईल. दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असे एक टेबल मिनिटाला सात-आठ माणसे मोकळी करते, म्हणजे ३०० माणसे चाळीस मिनिटांत ताट घेऊन बाजूला होतात. वेगाच्या दृष्टीने तो पंगतीपेक्षा सरस आहे. पण पुन्हा रांगेत यायला नको म्हणून माणूस एकदाच भरपूर वाढून घेतो. टेबलावरचे प्रत्येक भांडे शेवटच्या पाहुण्यापर्यंत भरलेले दिसावे लागते, त्यामुळे अन्न दहा-पंधरा टक्के जास्त करावे लागते. पुऱ्याही ढीग लावून ठेवाव्या लागतात आणि त्या चिवट होतात. बुफे केलाच, तर पुरीऐवजी घडीची पोळी ठेवा. मुंजीला वृद्ध पाहुणे जास्त असतात आणि तुमच्याकडे १०० जणांची बसण्याची सोय आहे, तेव्हा मी पंगतच करीन.

उरलेल्या अन्नाची व्यवस्था आदल्या दिवशी लावून ठेवा, पंगती संपल्यावर फोन करत बसू नका. पुण्यात रॉबिन हूड आर्मीसारखे स्वयंसेवक उरलेले अन्न नेऊन गरजूंना देतात. त्यांना आधीच सांगा की अडीच-तीनच्या दरम्यान कळवू. देण्याजोगे काय, हेही ठरवून ठेवा: पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि वाफ येत असलेला, पातेल्यातून न हललेला मसालेभात. टेबलांवर फिरून आलेल्या बादल्यांतले काही देऊ नये. कोशिंबीर, चटणी आणि मठ्ठा तर मुळीच नाही, कारण नेऊन वाटेपर्यंत दुपारच्या उन्हात ते टिकत नाहीत. स्वच्छ, झाकणाचे चार डबे घरून न्या. कार्यालयाची भांडी बाहेर देत नाहीत आणि ऐनवेळी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गरम भात भरण्याची वेळ येते.